चांगली चाललेली ॲड रूलनं दुपारी पावणेएकला बंद केली, त्याचा अनुभव

मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका छोट्या खोलीत बसून लोकांच्या फेसबुक-इन्स्टाच्या ॲड चालवतो, पाच-सहा क्लायंट आहेत, सगळे इथलेच. त्यातल्या एक मावशी (सख्ख्या नाहीत, पण आईच्या मैत्रीण म्हणून लहानपणापासून मावशीच) उत्तरेश्वर पेठेतून कांदा-लसूण चटणी विकतात. बाहेरचे लोक मसाला म्हणतात, आपल्याकडं चटणीच. मिरची निवडण्यापासून डंकावर कुटून आणेपर्यंत सगळं स्वतः बघतात, आणि पुण्या-मुंबईत, बेंगळुरात गेलेली आपली माणसं त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. त्यांच्या ॲडवर मी ऑटोमेटेड रूल, म्हणजे अमुक झालं की ॲड आपोआप बंद किंवा चालू कर असे नियम, लावले होते आणि त्यात दोन महिन्यांत काय काय झालं ते लिहितोय, कारण हे रूल लावायला सांगणारे व्हिडिओ खूप आहेत पण रूलनं काय मोडलं हे कुणी सांगत नाही.

आधी हिशोब सांगतो म्हणजे पुढचं कळेल. एक किलो चटणी 700 ला, पण लोक दोन-तीन वस्तू एकदम घेतात त्यामुळं सरासरी ऑर्डर साधारण 1,150 ची पडते. मिरची, खोबरं, कुटाई, पॅकिंग, कुरिअर, आणि कॅश ऑन डिलिव्हरीतले परत येणारे डबे हे सगळं वजा केलं की 380 च्या आसपास उरतात. म्हणून ठरलेलं की एक ऑर्डर आणायला ॲडवर 300 पर्यंत गेले तर चालतील, त्याच्यावर नाही. रोजचं बजेट 2,500, आणि एकाच ॲड सेटमध्ये, म्हणजे एका बजेटवर चालणाऱ्या गटात, चार ॲड होत्या: डंकावर चटणी कुटतानाचा व्हिडिओ, मावशी स्वतः बोलतायत तो, तांबड्या रश्शाची रेसिपी, आणि नुसता पाकिटाचा फोटो.

रूल का लावले ते पण सांगतो. मार्चमध्ये एका रविवारी मी चुलतभावाच्या लग्नात होतो, दिवसभर फोन बघितला नाही. रात्री उघडून बघतो तर पाकिटाच्या फोटोनं एकट्यानं 2,100 खाल्लेले आणि ऑर्डर शून्य. खरं तर त्या दिवशी रूल लावलेला होता! अट अशी होती की `Cost per purchase` 450 च्या वर गेला की ॲड बंद. पण खरेदी एकही नसली तर पर परचेस कॉस्ट काढायची कशी, शून्यानं भागता येत नाही, तो रकाना रिकामाच राहतो आणि रिकामा रकाना 450 पेक्षा मोठा नसतो. म्हणजे जी ॲड काहीच विकत नाही नेमकी तीच या रूलला दिसत नाही. 2,100 रुपये म्हणजे मावशींच्या साडेपाच ऑर्डरचा नफा. मला त्या रात्री झोप लागली नाही, दुसऱ्याचे पैसे आहेत ते.

मग सकाळी उठून दुसरा रूल केला, असा:

```
Apply to: All active ads
Action: Turn off ads
Conditions: Amount spent > ₹500 AND Purchases < 1
Time range: Today
Schedule: Continuously
```

म्हणजे आज 500 च्या वर खर्च झाला आणि एकही खरेदी नाही तर ॲड बंद. `Continuously` ठेवलं की सिस्टीम साधारण अर्ध्या-एक तासानं तपासत राहते. वाचायला किती शहाणपणाचा वाटतो हा रूल. मी पण तो मावशींच्या मुलाला दाखवला, तो म्हणाला दादा हे भारी झालं, आता रात्री तुम्हाला उठून बघायला नको.

पहिले दहा दिवस रूलनं पाच वेळा काही ना काही बंद केलं आणि मला प्रत्येक वेळी नोटिफिकेशन आलं की बरं वाटायचं, पैसे वाचले म्हणून. पैसे वाचत नव्हते. बजेट ॲड सेटला असतं, ॲडला नाही. चारातली एक बंद केली की तिचा वाटा उरलेल्या तिघींकडं जातो, 2,500 तर दिवसाला जाणारच. रूलनं खर्च कमी होत नव्हता, फक्त कुणावर खर्च व्हायचा ते बदलत होतं, आणि हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलंच नाही.

मग एक दिवस मावशींचा फोन. "अरं बाळा, ती डंकाची जाहिरात कुठं गेली रं? माझ्या पुण्याच्या भणीला रोज दिसायची, चार दिस झालं दिसंना झालीय."

म्हटलं मावशी थांबा बघतो. बघितलं तर खरंच, डंकाचा व्हिडिओ चार दिवस बंद. रूलच्या हिस्ट्रीत गेलो. शनिवारी दुपारी 12 वाजून 43 मिनिटांनी बंद झालेला, त्या वेळी खर्च 506, खरेदी 0. नियमाप्रमाणं बरोबर होतं. पण आता त्याच शनिवारची तारीख टाकून त्याच ॲडचा रिपोर्ट उघडला तर खर्च 506 च होता आणि खरेदी 2. मला वाटलं मी चुकीची ॲड बघतोय, नाव परत वाचलं, आयडी जुळवला. तीच. 506 ला दोन म्हणजे 253 ला एक ऑर्डर, आमच्या 300 च्या आत. जी ॲड नापास म्हणून बंद केली ती पास झालेली होती, फक्त निकाल लागायच्या आधीच तिला वर्गातून बाहेर काढलं होतं.

हे कसं झालं ते शोधण्यात माझा एक आठवडा गेला आणि मला वाटतं ॲडवर रूल लावणाऱ्या प्रत्येकानं ही एक गोष्ट तरी नीट समजून घ्यावी.

मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीच्या, रिपोर्टमध्ये खरेदी ज्या दिवशी झाली त्या दिवसात मोजत नाहीत, ज्या दिवशी माणसानं ॲड बघितली किंवा क्लिक केलं त्या दिवसात मोजतात. नेहमीचं सेटिंग क्लिकनंतर 7 दिवस आणि नुसतं बघितल्यावर 1 दिवस असं असतं. समजा हडपसरच्या एका वहिनींनी शनिवारी सकाळी दहाला ऑफिसला नसताना ॲड बघून क्लिक केलं, भाव बघितला, मग सासूबाईंना विचारलं की कोल्हापूरची चटणी मागवू का, त्यांनी अजून अर्धा डबा शिल्लक आहे म्हटलं, आणि सोमवारी रात्री ऑर्डर टाकली. ही ऑर्डर सोमवारच्या नाही, शनिवारच्या खात्यात जाऊन बसते. म्हणजे शनिवारी दुपारी शनिवारचा आकडा अर्धवटच असतो, आणि तो पूर्ण व्हायला पुढचा शनिवार उजाडतो. गूगल ॲड्समध्ये पण नेहमीचा कन्व्हर्जनचा रकाना क्लिकच्या तारखेवरच असतो, ऑर्डरच्या वेळेप्रमाणं बघायचा रकाना वेगळा लावावा लागतो.

आणि चटणीचं गिऱ्हाईक तर दुपारी घेतच नाही हो. मी दुकानाच्या पॅनेलमधून महिनाभराच्या ऑर्डरच्या वेळा काढल्या, निम्म्याहून जास्त रात्री साडेआठ ते अकराच्या मध्ये. जेवणं झाली, भांडी झाली, मग फोन हातात घेतात आणि मग ऑर्डर. पण ॲडचा खर्च सकाळी सातपासूनच सुरू होतो. म्हणजे माझा रूल सकाळचा खर्च बघून रात्रीच्या गिऱ्हाइकाचा निर्णय दुपारी करत होता.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त लागली मला, ती म्हणजे नुसत्या नशिबाचा भाग. 300 ला एक ऑर्डर ही सरासरी आहे. मीटर लावल्यासारखी दर 300 ला एक येत नसते. कधी 40 रुपयांत पहिली येते, कधी 800 गेले तरी येत नाही आणि मग तासाभरात तीन येतात. तर समजा ॲड अगदी चांगली आहे, खरोखर 300 ला एक विकते, तरी पहिल्या 500 रुपयांत एकही न येण्याची शक्यता किती? ऑर्डर एकमेकींशी संबंध नसताना येतात असं धरलं तर सोपं सूत्र आहे:

```
e^(-500/300) = 0.19
```

शंभरात एकोणीस. म्हणजे चांगल्या ॲडला पण साधारण पाच दिवसांतून एक दिवस असा येणारच. आणि माझा रूल रोज तपासायचा, एकदा बंद केली की स्वतः परत चालू करायचा नाही. सलग सात दिवस ती वाचायची शक्यता 0.81 चा सातवा घात, म्हणजे 23 टक्के. शंभर चांगल्या ॲड लावल्या तर आठवड्यात 77 बंद! आणि हे सगळ्या ऑर्डर लगेच दिसतात असं धरून. प्रत्यक्षात आमच्या दहातल्या चार ऑर्डर त्या क्षणी अजून यायच्या असायच्या, तो हिशोब घातला तर 19 चे 37 होतात आणि आठवडाभर वाचायची शक्यता 4 टक्के. ॲड तीच, चटणी तीच, विकली पण तेवढीच जाते.

मी हे कागदावर मांडलं तेव्हा आमच्या गल्लीत समोर चहाच्या टपरीवर गर्दी होती, संध्याकाळची वेळ, आणि मी ते 77 वर पेनानं गोल काढून नुसता बसून राहिलो होतो. कारण त्या दहा दिवसांत बंद झालेल्या पाचातल्या किती चांगल्या होत्या हे आता मला कधीच कळणार नव्हतं. बंद झालेली ॲड पुढं काय विकली असती याचा आकडा कुठंच येत नाही. रूल चुकला तर दिसत नाही, आणि बरोबर ठरला तर नोटिफिकेशन येतं, म्हणून माणसाला तो कायम बरोबरच वाटत राहतो.

बरं इथं थांबलो असतो तर ठीक, पण मी अजून एक रूल लावला. विचार असा की दुपारी बंद झालेल्या ॲड रात्री 12 ला परत चालू करायच्या, म्हणजे रोज सगळ्यांना नवीन संधी. अनेक लोक हे करतात. `Turn on ads`, रोज रात्री 12 ला, त्या खात्यातल्या सगळ्या ॲडना. चार-पाच दिवस छान चाललं. मग मावशींच्या मुलाचा फोन, "दादा, 550 चा भाव कोण लावलाय? गिऱ्हाईक स्क्रीनशॉट पाठवालंय, ॲडमध्ये 550 लिवलंय आणि साइटवर 700 दिसतंय म्हणून भांडालंय."

जानेवारीत जुना माल संपवायला आम्ही 550 ला किलो, कुरिअर फ्री अशी ऑफर काढली होती. ऑफर संपल्यावर मी ती ॲड हातानं बंद केली, पण नुसती ॲड बंद केली, तिचा ॲड सेट आणि त्याच्या वरचं कॅम्पेन चालूच होतं, 1,500 चं बजेट घेऊन. सिस्टीमला रूलनं बंद केलेली ॲड आणि मी विचार करून हातानं बंद केलेली ॲड यातला फरक कळत नाही, तिच्या लेखी दोन्ही नुसत्या बंद. तर रात्री 12 ला तिनं ती जानेवारीची ॲड पण उठवली. तीन दिवस चालली. 4,500 च्या आसपास गेले आणि 550 च्या भावानं मागणारी 11 माणसं आली. मावशी म्हणाल्या, "लिवलंय न्हवं आपण? मग देऊन टाक. शब्द दिला तो दिला." दिलं. त्यातलं निम्मं नुकसान मी माझ्या फीमधून वळतं केलं, त्या नको म्हणत होत्या तरी.

आणि इथं तुम्ही विचाराल की खर्च अचानक वाढला तर सांगणारा रूल नव्हता का. होता की! दिवसाचा खर्च 3,500 च्या वर गेला की मला कळव, बंद करू नको, असा. पण तो ॲड सेटवर लावलेला. रूल प्रत्येक ॲड सेटकडं वेगवेगळा बघतो. एकीकडं 2,500, दुसरीकडं 1,500, दोन्ही 3,500 च्या आत, म्हणून तो गप्प. बेरीज 4,000 झालेली त्याला दिसायचं काही कारणच नाही. त्याच्या आधी दोन आठवडे हाच रूल एकदा वाजला होता, 2,500 च्या बजेटवर एका दिवसात 3,640 खर्च, आणि मी घाबरून लगेच बजेट निम्मं केलं होतं. नंतर वाचलं की रोजचं बजेट ही सरासरी असते. मेटा एखाद्या दिवशी त्याच्यावर जातं आणि रविवार ते शनिवार या आठवड्यात एकूण सातपटीच्या आत ठेवतं, गूगल तर एका दिवशी दुप्पटपर्यंत जाऊ शकतं आणि महिन्याला 30.4 पटीच्या आत ठेवतं. म्हणजे त्या दिवशी काहीच बिघडलेलं नव्हतं, तो चांगला दिवस होता आणि मी तो मध्येच तोडला. खोट्या वेळी वाजलेला आणि खऱ्या वेळी गप्प बसलेला, एकच रूल.

(दुसऱ्या एका क्लायंटचं खातं कुणीतरी अमेरिकेच्या पॅसिफिक टाइम झोनमध्ये उघडून ठेवलं होतं, तिथं उन्हाळ्यात आपल्या दुपारी साडेबाराला नवीन दिवस सुरू होतो. `Today` वाला कुठलाही रूल लावायच्या आधी खात्याचा टाइम झोन बघा, एवढंच.)

सगळ्यात वाईट दिवस एप्रिलच्या शेवटाला आला. वर्षाची चटणी करून ठेवायचा सीझन, ऑर्डर जोरात. मी त्या दिवशी गडहिंग्लजला दुसऱ्या कामाला गेलेलो. दुपारी दीडला नोटिफिकेशन, एक ॲड बंद. पावणेदोनला दुसरी. अडीचपर्यंत चारही बंद. मी गाडी बाजूला घेतली आणि मावशींच्या मुलाला फोन केला, म्हटलं काय झालं रे, आज काहीच विक्री नाही का. तो म्हणाला, "नाही कसं दादा, सकाळपासनं चौदा झाल्यात, मी पॅकिंगलाच बसलोय, हात मोकळा न्हाय."

चौदा ऑर्डर दुकानात आणि ॲडच्या रिपोर्टमध्ये शून्य.

फोनवरच बघायला लागलो. क्लिक नेहमीसारखे. कार्टमध्ये टाकलेले नेहमीसारखे, चेकआउट सुरू केलेले पण नेहमीसारखे. फक्त खरेदी शून्य, आणि तीही चारही ॲडना एकाच वेळी. तिथंच कळलं की ॲडला काही झालेलं नाही, मोजणारं मेलंय. ॲड कमजोर झाली तर एक होते, हळूहळू होते, आणि तिचे क्लिक किंवा कार्ट आधी पडायला लागतात. चारही जणी एका सकाळी एकदम आणि फक्त शेवटच्या पायरीला शून्यावर येत नसतात. साइटवरची प्रत्येक पायरी मेटाकडं पोचतेय का हे जिथं दिसतं त्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये गेलो तर `Purchase` शेवटचा आदल्या रात्री 11 च्या सुमारास आलेला, बाकीचे सगळे इव्हेंट दोन-तीन मिनिटांपूर्वीचे. आदल्या रात्री साइट बघणाऱ्या माणसानं थीम अपडेट केली होती आणि ऑर्डर झाल्यावर जे धन्यवादाचं पान येतं त्याच्यावरचा, खरेदी झाली हे मेटाला कळवणारा पिक्सेलचा कोड त्यात उडाला. त्याची तरी काय चूक म्हणू, साइट नीट चालत होती, ऑर्डर येत होत्या, त्यानं तेवढंच तपासलं.

कोड परत टाकून ॲड चालू व्हायला संध्याकाळचे सहा वाजले. खर्च साधारण साडेतीन तास थांबला. रात्री फक्त सहा ऑर्डर आल्या, आदल्या रात्री तेरा होत्या. आणि जे गेलं ते गेलंच, कोड बसवायच्या आधीच्या त्या चौदा ऑर्डर मेटाला कळल्याच नाहीत, त्यामुळं कुणाला ॲड दाखवायची याचं तिचं शिकणं पण त्या दिवसापुरतं आंधळं. ॲड सेटला आठवड्यात साधारण 50 खरेद्या मिळाल्या तर ते शिकणं स्थिर होतं असं मेटा सांगतं, आमचं बजेट बघता आम्ही कसेबसे त्याच्या वर असायचो, त्या आठवड्यात खाली गेलो.

मला राग रूलचा आला नाही. त्यानं सांगितलं तेच केलं. मला वाईट याचं वाटलं की मी त्याच्याकडं असा निर्णय सोपवला ज्याला लागणारी माहितीच त्याच्याकडं नव्हती. दुकानात चौदा डबे पॅक होतायत हे त्याला माहीत नाही, ऑफर संपली हे माहीत नाही, गिऱ्हाईक रात्री घेतं हे माहीत नाही. आणि बाकीच्या ॲड पण एकदम पडल्यात का हे बघ आणि मग ठरव असं त्याला सांगायची सोयच नाही, तो एकेका ॲडला एकटीला उभी करून प्रश्न विचारतो.

आता काय ठेवलंय ते सांगतो. रूल काढून टाकले नाहीत, पण कामं बदलली.

ॲड बंद करणारा रूल आता बंद करत नाही, फक्त कळवतो. अट `Last 7 days`, खर्च 1,200 च्या वर आणि खरेदी शून्य, आणि सकाळी एकदाच तपासतो. 1,200 म्हणजे आमच्या 300 च्या चौपट, तेवढ्यात चांगल्या ॲडला एकही न येण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत येते, म्हणजे नाव आलं तर बहुतेक खरंच काहीतरी आहे. यात तोटा पण आहे, खरी वाईट ॲड ओळखायला 1,200 जातात, 500 नाही, आणि हे मी मावशींना आधीच सांगितलंय. नाव आलं की मी क्लिक, कार्ट, चेकआउट बघतो, दुकानाच्या ऑर्डरशी जुळवतो, मग हातानं बंद करतो. पाच मिनिटांचं काम आहे. पाकिटाचा फोटो असाच बंद केला शेवटी, तिला क्लिकच नव्हते.

आपोआप बंद करायची परवानगी एकाच रूलला आहे, आणि तो खरेदीकडं बघतच नाही, फक्त पैशाकडं. कॅम्पेनचा आजचा खर्च 6,000 च्या वर गेला तर कॅम्पेन बंद. 2,500 च्या जागी चुकून 25,000 टाइप झालं तर त्याच्यासाठी. खर्चाचा आकडा खरेदीसारखा आठवडाभर मागून भरत नाही, म्हणून त्याच्यावर एवढा विश्वास टाकायला हरकत नाही. तरी दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात जे जाईल ते जाईलच, म्हणून बिलिंगमध्ये अख्ख्या खात्यालाच खर्चाची मर्यादा लावून ठेवलीय, ती पार झाली की सगळंच थांबतं, कॅम्पेन एक असो की पाच.

परत चालू करणारा रूल कायमचा काढला. आणि ऑफर संपली की आता नुसती ॲड नाही, अख्खं कॅम्पेन बंद करून नावात तारीख आणि "संपली" असं लिहून ठेवतो. उरलेले रूल पण `All active ads` ला न लावता नावात ठरलेला शब्द असलेल्या ॲडनाच लावलेत, म्हणजे नवीन टाकलेली ॲड मी स्वतः तो शब्द घालेपर्यंत रूलच्या हाती लागत नाही.

आणि एक साधी सवय, जिच्यात रूल नाहीच. मावशींचा मुलगा रोज दुपारी एकला आणि रात्री नऊला व्हॉट्सॲपवर एक आकडा पाठवतो, तोपर्यंतच्या ऑर्डर. मी रिपोर्टमधला आकडा शेजारी ठेवतो. जुळत कधीच नाहीत, जुळायचे पण नाहीत, काही लोक थेट फोनवर घेतात, काही जुने गिऱ्हाईक असतात. आमच्याकडं दुकानात दहा असल्या की रिपोर्टमध्ये सहा-सात दिसतात, हे प्रमाण ठरून गेलंय. परवा दुपारी त्याचा मेसेज आला, नऊ. माझ्याकडं दोन. मी ॲडला हात न लावता आधी साइटवरून एक पाव किलोची ऑर्डर स्वतः टाकली आणि धन्यवादाचं पान उघडल्यावर इव्हेंट जातोय का बघितलं. जात होता. मग त्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, त्यातल्या सहा पुण्याच्या मावशीच्या सोसायटीतल्या हायत, तिनं गोळा करून फोनवरनं सांगितल्यात."

ॲड चालू ठेवल्या. माझी पाव किलो चटणी काल घरी आली.